धंद्याचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हाती गेलं तर

दिवाळीला अकरा दिवस राहिले होते. सकाळी नऊच्या सुमाराला शेजारच्या काकू फोन घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या, हाताला बेसन तसंच लागलेलं. "अगं, माझं व्हॉट्सॲप गेलं. आणि बायका फोन करून विचारतायत, तुम्हाला खरंच पाच हजार हवेत का म्हणून!"

काकू फराळाच्या ऑर्डरी घेतात. सगळा व्यवहार व्हॉट्सॲप बिझनेसवर चालतो. कुणाला किती किलो चिवडा, कुणाच्या चकल्या कमी तिखट, कुणी आगाऊ पैसे दिलेत, सगळं चॅटमध्येच. शिवाय दीडशेहून जास्त गिऱ्हाइकांचा एक ग्रूप. आदल्या रात्री भिशीतल्या एका मैत्रिणीच्या नंबरवरून त्यांना मेसेज आला होता, "चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या फोनवर आलाय, जरा पाठवता का?" काकूंनी बघितलं तर खरंच एसएमएस आलेला. त्यांनी तो पाठवून दिला. तो कोड मैत्रिणीचा नव्हता. काकूंचं खातं दुसऱ्या फोनवर उघडण्यासाठी लागणारा तो कोड होता, आणि मैत्रिणीचं खातं त्याआधीच चोराकडे गेलेलं होतं.

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात आम्ही जे केलं, ते इथे क्रमानं सांगते. ज्यांनी असं कधी केलेलं नाही, त्यांनाही फोन हातात घेऊन करता येईल.

आधी बघा, चोर कुठल्या दारानं शिरलाय

व्हॉट्सॲपच्या खात्याला दोन दारं आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिलं दार नोंदणीचं. तुमचा नंबर एका वेळी एकाच मुख्य फोनवर नोंदलेला असतो. चोरानं एसएमएसचा कोड मिळवून तो नंबर स्वतःच्या फोनवर नोंदवला, की तुमच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बाहेर फेकलं जातं. हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही, अशा अर्थाचा संदेश दिसतो आणि ॲप पुन्हा नंबर विचारतं. काकूंचं हेच झालं होतं.

दुसरं दार जोडलेल्या उपकरणांचं. आपण दुकानातल्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडतो, तेच हे दार. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात. चोर इथून शिरला, तर तुमच्या फोनवर सगळं नेहमीसारखं चालू राहतं. फक्त तुम्ही न पाठवलेले मेसेज गेलेले दिसतात, किंवा न उघडलेले मेसेज वाचलेले दिसतात. यासाठी चोर एखादी लिंक पाठवतो, 'यात तुमचा फोटो आलाय बघा' असं काहीतरी लिहून. ती उघडली की पान तुमचा मोबाइल नंबर विचारतं आणि मग आठ अक्षरी कोड दाखवून तो व्हॉट्सॲपमध्ये घालायला सांगतं. कोड घातला की चोराचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडला जातो.

दुसऱ्या दाराचा इलाज लगेच होतो. ॲपमध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर दाबून `Linked devices` उघडा. यादीतल्या प्रत्येक नावावर दाबा आणि `Log out` करा. आपला कुठला, परका कुठला हे ठरवत बसू नका. सगळेच काढा, आपला लॅपटॉप नंतर पुन्हा जोडता येतो.

याखेरीज एक शक्यता तपासून घ्या. फोनला रेंजच नसेल, कॉल येत-जात नसतील, तर कुणीतरी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं असू शकतं. तेव्हा व्हॉट्सॲपच्या मागे न लागता आधी ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जा आणि सिम परत मिळवा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. त्यामुळे व्हॉट्सॲपचा कोड मागताना एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय निवडा.

परत मिळवताना

काकूंचा पहिला विचार होता ॲप काढून टाकून नव्यानं घालायचा. मी त्यांचा हात धरला. जुनी चॅट फोनमध्येच साठवलेली असतात. चोरानं नंबर त्याच्याकडे नोंदवला म्हणून त्याला तुमची जुनी चॅट मिळत नाहीत, आणि तुमच्या फोनमधूनही ती पुसली जात नाहीत. ॲप काढलंत तर मात्र शेवटचा बॅकअप असेल तेवढंच परत येईल. काकूंचा बॅकअप कुठल्या गूगल खात्यावर जातो, हे त्यांनाच माहीत नव्हतं. अख्ख्या दिवाळीच्या ऑर्डरी त्यात होत्या. म्हणून ॲप काढू नका आणि फोन रीसेटही करू नका.

पुढचं काम साधं आहे. ॲप उघडून आपला नंबर घाला आणि एसएमएसवर येणारा सहा आकडी कोड घाला. तो स्वीकारला गेला, की त्याच क्षणी चोर त्याच्या फोनवर बाहेर पडतो. सिम तुमच्या हातात आहे तोवर हा डाव तुमच्या बाजूचा आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, कोड मागितल्यावर 'इतक्या वेळानं प्रयत्न करा' असं येतं. चोरानं किंवा तुम्ही घाईघाईनं बरेचदा कोड मागितला असेल, किंवा चुकीचे आकडे घातले असतील, तर असं होतं. आमच्याकडे जवळजवळ अडीच तास दाखवत होते. अंदाजानं आकडे घालू नका, त्यानं वेळ वाढतच जातो. घड्याळात गजर लावा आणि फोन बाजूला ठेवा. एकापेक्षा जास्त कोड आले असतील, तर फक्त शेवटचा चालतो.

दुसरी अडचण मोठी. एसएमएसचा कोड बरोबर घातल्यावर ॲपनं काकूंना आणखी एक सहा आकडी पिन विचारला. काकू म्हणाल्या, "मी तर कधी पिन ठेवलाच नाही." बरोबर. तो चोरानं ठेवला होता. काकूंनी ही सोय कधी चालू केली नव्हती, म्हणून आत शिरल्या शिरल्या त्यानं स्वतःच ती चालू करून टाकली. दार आपलं, कुलूप त्याचं.

अशा वेळी ७ दिवस थांबावं लागतं. त्यानंतर पिनशिवाय आत जाता येतं. दुसरा रस्ता नाही. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे माणसं घाबरून चुका करतात. तुम्ही एसएमएसचा कोड घातलात, तेव्हाच चोर बाहेर गेलेला असतो, तुम्हाला पिन माहीत असो वा नसो. त्या ७ दिवसांत खातं तुमच्याही हाती नसतं आणि त्याच्याही. त्याला परत शिरायचं असेल तर नवा एसएमएस कोड लागेल, आणि तो तुमच्याच सिमवर येणार.

म्हणूनच त्या आठवड्यात तो पुन्हा तुमच्याकडे येतो. दुपारी साडेतीनला काकूंना कॉल आला. बोलणारा स्वतःला व्हॉट्सॲपच्या ऑफिसातला म्हणवत होता आणि गोड आवाजात सांगत होता, "मॅडम, तुमचा पिन काढून देतो, आत्ता एक कोड येईल तेवढा सांगा." व्हॉट्सॲपकडून असा कोड विचारायला कुणी कॉल करत नाही. काकूंनी फोन ठेवला. दोन मिनिटांत एसएमएस आलाच. तो तसाच पडू दिला.

या सात दिवसांत चॅट उघडत नाहीत, म्हणजे ऑर्डरीही दिसत नाहीत. मधल्या काळात आलेले मेसेज नंतर मिळतीलच, असं धरून चालू नका. आम्ही एक दोनशे पानी वही घेतली आणि फोनच्या संपर्क यादीवरून गिऱ्हाइकांना एकेक करून कॉल केले. दोन दिवस गेले त्यात.

लोकांना कळवणं आणि तक्रार

हे काम कोडची वाट बघत असतानाच सुरू करा. चोराला ग्रूपमधून सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर मिळतात आणि तो 'माझं यूपीआय चालत नाहीये, पाच हजार पाठवा, संध्याकाळी देते' असे मेसेज सोडत असतो. काकूंच्या सुनेच्या फोनवरून आम्ही छोटा मजकूर पाठवला: माझ्या नंबरवरून पैशाचा मेसेज आला तर पैसे देऊ नका, खात्री करायची तर साधा कॉल करा. साधा कॉल काकूंच्याच सिमवर येत होता, त्यामुळे हे चालून गेलं. जे ग्रूपमध्ये काकूंना ओळखतात, अशा दोघीतिघींना हाच मजकूर ग्रूपमध्ये टाकायला सांगितला आणि ग्रूपच्या दुसऱ्या ॲडमिनला काकूंचा नंबर तात्पुरता काढायला लावला. दुसरा ॲडमिन होता म्हणून हे जमलं. तुमच्या ग्रूपला एकटे तुम्हीच ॲडमिन असाल, तर घरातल्या एकाला आजच करून ठेवा.

दोघींनी तोवर पैसे पाठवले होते. ज्याचे पैसे गेले त्यानं स्वतः १९३० वर कॉल करायचा असतो, किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची असते. काकूंनी त्यांच्या वतीनं केलेली तक्रार तितकीशी उपयोगाची नाही, कारण पैसे काकूंच्या खात्यातून गेलेले नाहीत. कॉल करताना यूपीआय ॲपमधला १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, आणि आपली बँक, एवढं समोर असू द्या. इथे वेळ फार महत्त्वाचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं, तर बँकेला ते अडवता येतात. एकीनं पंधरा मिनिटांत कॉल केला. दुसरीला लाज वाटली, ती संध्याकाळपर्यंत कुणाशी बोललीच नाही. मला तिचं फार वाईट वाटलं. तुमच्या गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगा की लगेच कॉल करा, यात तुमची चूक नाही.

खातं बळकावल्याची वेगळी तक्रार काकूंनी त्याच संकेतस्थळावर केली. चोराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट गिऱ्हाइकांकडून मागवून जोडले आणि तक्रारीचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढे कुणी 'तुम्हीच पैसे मागितले होते' म्हणालं, तर हा क्रमांक कामी येतो.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास

आठव्या दिवशी सकाळी पिन न विचारता खातं उघडलं. चॅट जागच्या जागी होती. काकू आधी करंज्यांच्या ऑर्डरी मोजायला लागल्या, मी म्हटलं, अर्धा तास थांबा.

पहिल्यांदा `Linked devices` उघडून बघितलं, यादी रिकामी होती. मग धंद्याची माहिती तपासली. ही माहिती आणि कॅटलॉग व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे चोरानं केलेला बदल तसाच राहतो. काकूंच्या प्रोफाइलमध्ये पत्त्याखाली एक अनोळखी लिंक घातलेली सापडली, ती काढली. कॅटलॉगमधले भाव आणि वर्णनं एकदा नजरेखालून घाला. आपोआप जाणारे संदेशही बघा: `Greeting message`, `Away message` आणि `Quick replies`. त्यात कुणाचा यूपीआय आयडी लपलेला नाही ना, एवढंच बघायचं. मग ग्रूप. ॲडमिनच्या यादीत नवा नंबर दिसला, तर आधी त्याचं ॲडमिनपद काढा, मग त्याला.

पिन ठेवायचा तो असा

आता ते कुलूप, जे आधी लावलेलं असतं तर सात दिवस वाचले असते. `Settings`, त्यात `Account`, त्यात `Two-step verification`. तिथे सोय चालू करून सहा आकडी पिन द्यायचा आणि मग ईमेल.

एसएमएसचा कोडही सहा आकडी आणि हा पिनही सहा आकडी, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. कोड दर वेळी नवा असतो आणि बाहेरून तुमच्याकडे येतो. पिन तुम्ही ठरवलेला असतो, तो कुठूनही येत नाही. नव्या फोनवर नंबर नोंदवताना दोन्ही लागतात. म्हणजे उद्या पुन्हा कधी चुकून कोड गेलाच, तरी चोर पिनपाशी अडेल.

पिन निवडताना काकूंनी पटकन स्वतःच्या भागाचा पिनकोड घातला. सहा आकडी म्हटल्यावर डोक्यात तोच येतो! पण तो तुमच्या प्रोफाइलवरच्या पत्त्यात छापलेला आहे. जन्मतारीखही तशीच, वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्या ग्रूपवर पडतात. यूपीआयचा पिन तर मुळीच वापरू नका. आम्ही काकूंना त्यांच्या आईच्या घरातल्या जुन्या लँडलाइनचे शेवटचे सहा आकडे घ्यायला सांगितले. ते त्यांना झोपेतही आठवतात आणि आता कुठेच लिहिलेले नाहीत. व्हॉट्सॲप अधूनमधून पिन विचारतं, तो विसरू नये म्हणूनच. तो ॲपच्या आत विचारला जातो. मेसेजमध्ये किंवा कॉलवर कुणी विचारला, तर समजा चोर आहे.

ईमेलची पायरी बहुतेक जण ओलांडून जातात. तसं करू नका. पिन विसरलात तर या ईमेलवरूनच तो नव्यानं ठेवता येतो. ईमेल नसेल तर पुन्हा तेच सात दिवस, या वेळी स्वतःच्याच हातानं. पण ईमेल कुणाचा, हाही प्रश्न आहे. काकूंच्या फोनमधलं जीमेल खातं भाच्यानं चार वर्षांपूर्वी काढून दिलेलं, पासवर्ड त्याच्याकडे. आधी ते ताब्यात घेतलं. पासवर्ड बदलला, परत मिळवण्यासाठीचा नंबर काकूंचा घातला आणि गूगल खात्याच्या `Security` भागातून तिथेही दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. ज्याच्या हाती हा ईमेल, त्याच्या हाती पिनची किल्ली.

पिन जिथे पोचत नाही

एवढं झाल्यावर लोक निश्चिंत होतात, आणि मला इथेच थांबवावंसं वाटतं. हा पिन फक्त पहिलं दार राखतो. लॅपटॉप जोडताना पिन विचारलाच जात नाही. दुसऱ्या दाराची राखण तुमच्या फोनचं स्क्रीन लॉक करतं. फोनला बोटाच्या ठशाचं लॉक असेल, तर नवं उपकरण जोडताना व्हॉट्सॲप ठसा मागतं. काकूंचा फोन स्वयंपाकघरात उघडाच पडलेला असायचा, कारण बेसनाच्या हातानं लॉक उघडत नाही. आम्ही ठसा ठेवला आणि सुनेच्या बोटाचाही ठेवला.

मग मी विचारलं, "या गडबडीच्या आधी काय काय जोडलेलं होतं?" काकू आठवत गेल्या. घरचा लॅपटॉप. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर, तिथे डब्यांची लेबलं छापून घेतात, म्हणून एकदा क्यूआर स्कॅन केला होता. आणि मागच्या दिवाळीत ऑर्डरी टिपायला आलेल्या मुलीचा लॅपटॉप, ती आता पुण्यात नोकरी करते. मुलगी चांगली आहे, दुकानदारही भला माणूस. पण जोडलेल्या उपकरणाला अर्धवट परवानगी अशी दिलेली नव्हती. तिथे बसलेला माणूस सगळी चॅट वाचू शकतो आणि काकूंच्या नावानं मेसेज पाठवू शकतो. झेरॉक्सच्या दुकानात तर दिवसभरात कोण कोण त्या खुर्चीत बसत असेल.

आता फक्त घरचा लॅपटॉप जोडलाय. लेबलांची पीडीएफ दुकानाला ईमेलनं जाते. या वर्षी मदतीला येणारा मुलगा त्याच घरच्या लॅपटॉपवर बसतो, स्वतःच्या नाही. वहीत एक पान केलंय: कुठलं उपकरण, कधी जोडलं, कोण वापरतं. दर महिन्याच्या एक तारखेला काकू `Linked devices` उघडतात आणि वहीशी ताडून बघतात. वहीत नाही ते काढायचं. प्रत्येक नावाखाली ते शेवटचं कधी वापरलं ती वेळ दिसते, तीही बघायची. रात्री दोनला लॅपटॉप कुणी वापरला, असा प्रश्न तिथेच पडतो.

शेवटी सिमचं. नंबर ज्याच्या नावावर, त्यालाच दुसरं सिम मिळतं. धंद्याचा नंबर सोडून गेलेल्या कामगाराच्या किंवा वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असेल, तर वर सांगितलेली सिम परत मिळवायची पायरीच अडते. `sancharsaathi.gov.in` वर नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी घातला, की त्याच नावावरचे सगळे मोबाइल नंबर दिसतात. धंद्याचा नंबर घालून बघा. यादीत तुमचा स्वतःचा दुसरा नंबर दिसत नसेल, तर सिम बहुधा भलत्याच नावावर आहे. काकूंचं सिम काकांच्या नावावर निघालं. दिवाळीनंतरच्या सोमवारी दोघं आधार कार्ड घेऊन गॅलरीत गेले आणि नंबर काकूंच्या नावावर करून आले.